घरखर्चाची पुंजी आणि दुकानाचा गल्ला

जळगावच्या व्यापारी घरांत मुलाला धीर द्यायचा झाला की वडीलधाऱ्यांच्या तोंडी भवरलालजी जैन यांचे उदाहरण हमखास येते. वाकोदसारख्या खेड्यातला तरुण, हाती कायद्याची पदवी, सरकारी अधिकारपदाची वाट मोकळी असताना ती सोडतो आणि १९६३ साली घरच्या तीन पिढ्यांची शिल्लक, म्हणजे अवघे ७,००० रुपये, घालून रॉकेलचा व्यापार सुरू करतो. गोष्ट खरी आहे. पण सांगणारे बहुधा ७,००० रुपयांवर थांबतात आणि ऐकणाऱ्या मुलाचा समज होतो, की होते नव्हते तेवढे पणाला लावणे हीच उद्योजकता.

बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाची नजर जरा वेगळ्या ठिकाणी जाते. पहिला धंदा कोणता निवडला? रॉकेल हा रोज खपणारा, लवकर पैसा मोकळा करणारा आणि पडून राहून न नासणारा माल होता. पुढे वाहनांच्या, बी-बियाणे, खते आणि पाइपांच्या एजन्सी आल्या. कारखान्याची जोखीम आली ती १९७८ साली, केळीच्या भुकटीचा एक जुना कारखाना ३० लाखांना घेतला तेव्हा. त्या कारखान्यात पुढे पपईच्या चिकापासून पपेन तयार होऊ लागले. म्हणजे मोठ्या उडीच्या आधी पंधरा वर्षांचा व्यापार पायाखाली होता. ती पंधरा वर्षे हीच खरी सुरक्षा-पुंजी, असे मी मानतो.

आजच्या नोकरदार मुलाला पंधरा वर्षे थांबणे शक्य नसते. मग त्याने किती पुंजी जमवावी आणि ती कोठे ठेवावी, हे एका घराच्या हिशेबावरूनच सांगतो. नाव देत नाही. परिचितांना ओळख पटू नये म्हणून तपशीलही थोडा बदलला आहे.

धुळ्यातील किराणा ठोक व्यापाऱ्याचा हा मुलगा. पुण्यात एका कंपनीत नऊ वर्षे नोकरी, हाती ९१,००० रुपये पगार. धुळ्याला परतून मिरची दळण्याचा व मसाल्याचा लहान कारखाना काढावा, असे त्याच्या मनात होते. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवला की नोकरी सोडायला हरकत नाही, असे त्याने कोठेतरी वाचले होते. मी म्हणालो, तो हिशेब एक नोकरी सोडून दुसरी शोधणाऱ्याचा आहे. व्यापाऱ्याचे महिने मालाच्या हंगामावर मोजावे लागतात.

आम्ही ते मोजले. जागा, वीजजोडणी, अन्न परवाना आणि यंत्रे बसणे, यासाठी चार महिने. त्यानंतर लाल मिरचीचा हंगाम. दोंडाईचा-नंदुरबारकडे ओली मिरची पथारीवर पडू लागते, तेव्हा खरेदी करायची, वाळलेला माल साठवायचा, वर्षभर दळून विकायचा आणि उधारी वसूल करायची. खरेदीपासून शेवटच्या वसुलीपर्यंत अकरा महिने. आणि धंदा जमलाच नाही, तर पुन्हा नोकरी शोधण्यास तीन महिने. एकूण अठरा. एक पूर्ण हंगाम पाहिल्याविना धंदा चालतो की नाही हे कळतच नाही, आणि त्याआधी घरातला पैसा संपला तर चांगला चाललेला धंदाही बंद करावा लागतो. नोकरीच्या काळात अशी किती तरी कर्जखाती मी पाहिली. यंत्र उत्तम, माल उत्तम, पण मुलांच्या शाळेची फी कॅश क्रेडिट खात्यातून भरलेली. खातेउताऱ्यावर शाळेचे नाव दिसू लागले, की आम्ही त्या खात्याकडे काळजीने पाहू लागत असू.

दुसरा प्रश्न महिन्याच्या खर्चाचा. धुळ्यात वडिलांच्या घरी राहणार, भाडे नाही, म्हणून त्याने ३२,००० रुपये सांगितले. मी बारा महिन्यांचे पासबुक मागवले. त्यात महिन्याच्या यादीत कधीच न दिसणारे आकडे होते: शाळेची फी ६०,०००, विम्याचे हप्ते ४८,०००, दिवाळी व बहिणीच्या घरचा मायरा यांसह व्यवहाराचे ५०,०००, प्रवास व औषधे ३४,०००. वर्षाचे १,९२,००० झाले, म्हणजे महिन्याला आणखी १६,०००. खरा खर्च ४८,००० निघाला. आपल्या घरांत लेन-देणीचा खर्च 'एकदाच' म्हणून सोडून देतात, पण तो दरवर्षी कोणत्या तरी नावाने येतोच. अठरा महिन्यांचे ८,६४,००० रुपये झाले.

पुण्यात भाडे १६,००० धरून घर ६४,००० मध्ये चालत होते. उरणारे २७,००० दरमहा बाजूला पडू लागले आणि बत्तीस महिन्यांत रक्कम पुरी झाली. बोनस त्याने मोटारीचे कर्ज फेडण्यास वापरला, कारण हप्ता उभा असताना घरखर्च तेवढ्याने वाढलेलाच असतो. या काळात कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यावर न विसंबता कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसीही घेतली. नोकरी सुटली की सामूहिक विमा संपतो आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो. तो काळ पगार चालू असतानाच सरलेला बरा. उपदानाचे (ग्रॅच्युइटीचे) जे २,०७,००० च्या वर मिळाले, ते मात्र पुंजीत धरले नाही. ते यंत्रांसाठी स्वतःचे भांडवल. घराचा पैसा आणि धंद्याचे भांडवल या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवल्या.

खरी अडचण इथेच आली. वडील मला म्हणाले, "साहेब, आठ लाख बँकेत सडवायचे? दुकानात फिरवले तर महिन्याला दीड टक्का सहज सुटतो. घरचाच पैसा आहे, लागेल तेव्हा देईन." त्यांच्या शब्दाबद्दल मला शंका नव्हती. शंका होती ती मालाबद्दल. दुकानात गेलेला पैसा साखरेच्या पोत्यांत आणि गिऱ्हाइकांच्या उधारीत बसतो, आणि बाजार मंद झाला की बाप आणि मुलगा दोघांनाही एकाच महिन्यात पैसा लागतो. ज्या कारणाने धंदा अडतो त्याच कारणाने पुंजीही अडकत असेल, तर ती पुंजी नव्हे. पतसंस्थेत जास्त व्याज मिळते, असेही सुचवले गेले. बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेला ते लागू नाही. खान्देशातील वाचकांना याहून अधिक सांगावे लागणार नाही.

म्हणून रक्कम अशी मांडली. १,४४,००० बचत खात्यात, म्हणजे पहिले तीन महिने. उरलेल्या ७,२०,००० च्या प्रत्येकी १,४४,००० च्या पाच मुदत ठेवी, दर तीन महिन्यांनी एक पिकेल अशा मुदतींच्या. सर्व रक्कम दोन बँकांत निम्मी-निम्मी, पत्नीचे नाव पहिले आणि त्याचे दुसरे. धंद्याचे खाते तिसऱ्याच बँकेत. हा शेवटचा मुद्दा माझ्या जुन्या व्यवसायबंधूंना आवडणार नाही, पण मालकी पेढीचे कर्ज आणि मालकाची ठेव कायद्याने एकाच माणसाची. थकबाकी झाली तर बँक आपल्याकडील त्याची ठेव वळती करून घेऊ शकते. कर्ज देताना "घरात ठेव असेल तर तीही लावा" असे मीही अनेकांना म्हटले आहे. ठेवीवर एकदा बँकेचा हक्क नोंदला, की ती नावापुरतीच तुमची उरते. लहान उद्योगाच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. तो शाखेत नम्रपणे दाखवावा, आणि पत्नीला जामीनदार करू नये. पतीने दिलेल्या पैशावरील व्याज प्राप्तिकरासाठी पतीच्याच उत्पन्नात धरले जाते, हेही विसरू नये.

पाचव्या ठेवीच्या पावतीवर त्याच्या पत्नीने पेन्सिलीने 'परत' असे लिहिले. ती नोकरी शोधण्याच्या तीन महिन्यांची. चौथी ठेव संपेपर्यंत कारखान्यातून घरखर्चाला काही निघत नसेल, तर दुसऱ्याच दिवशी अर्ज पाठवायला सुरुवात, असे तिघांसमोर ठरले.

जुलैत नोकरी सोडली. फेब्रुवारीत त्याचा मला फोन आला. "काका, चाळीस क्विंटल वाळली मिरची बाजारभावापेक्षा क्विंटलमागे दोन हजारांनी स्वस्त मिळतेय. उरलेल्या तीन ठेवी मोडतो, दोन महिन्यांत परत लावतो." ठेव मुदतीआधी मोडल्याचा भुर्दंड थोडा असतो, त्यामुळे मोह आवरणे अधिक कठीण. मी नको म्हणालो. त्याची पत्नी तर पावत्याच देईना. माल दुसऱ्याने घेतला, एप्रिलपर्यंत भाव आणखी चढला आणि मुलाचे लाखभर रुपये हुकले. वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. सावध राहण्याची किंमत द्यावी लागते, ती अशी. ती नसते असे मी कोणाला सांगणार नाही.

एप्रिलमध्ये सुरतच्या एका व्यापाऱ्याकडे ३,१०,००० अडकले. पंचेचाळीस दिवसांचा वायदा पाच महिन्यांवर गेला. त्या पाच महिन्यांत घर तिसऱ्या आणि चौथ्या ठेवीवर चालले. अडलेला माणूस वसुलीसाठी सवलत देतो, कमी भावात माल काढतो. त्याला ते करावे लागले नाही. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरतेचे पैसे आले. महिनाअखेर तिघांनी वर्षाचा ताळा मांडला, तेव्हा कारखान्यातून दरमहा ३५,००० उचलता येतील असे दिसले. उरलेले १३,००० पत्नीच्या शाळेच्या नोकरीतून, जी जूनमध्ये लागली होती आणि जी आम्ही आधी मुद्दामच हिशेबात धरली नव्हती.

त्याच दिवशी पाचवी ठेव पिकली. दोघे बँकेत गेले आणि तिचे वर्षभरासाठी नूतनीकरण करून आले. नव्या पावतीवरही तिने 'परत' लिहिले आहे काय, हे मी विचारलेले नाही.