फरकाची रक्कम फोडून दाखवा

तालुक्याच्या गावातले एक हार्डवेअरचे दुकान घ्या. आर्थिक वर्ष २०२२-२३ साठी कलम ७३ खाली कारणे दाखवा नोटीस येते. ३बी मध्ये घेतलेले क्रेडिट ६,८४,००० रुपये, २बी मध्ये दिसणारे ५,४२,०००, म्हणून फरकाचे १,४२,००० रुपये व्याज आणि दंडासह भरा. दुकानदार कागद घेऊन आपल्याकडे येतो आणि आपण बहुतेक वेळा जुन्या फाइलमधले तयार उत्तर काढतो. व्यापारी प्रामाणिक आहे, माल आला आहे, पुरवठादाराला पैसे दिले आहेत, शिवाय परिपत्रक १८३ पाहावे.

हे उत्तर पक्षकाराचे नुकसान करते. परिपत्रक १८३ हे २०१७-१८ आणि २०१८-१९ पुरते होते. परिपत्रक १९३ ने ती सवलत ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत नेली. १ जानेवारी २०२२ पासून कलम १६(२)(एए) लागू झाले. त्यानंतरच्या बिलांसाठी पुरवठादाराचे प्रमाणपत्र जोडणे म्हणजे बिल २बी मध्ये नाही हे आपणच लिहून देणे. प्रामाणिकपणाच्या मुद्द्यावर फार विसंबू नये, हे महाराष्ट्रातल्या सल्लागारांना वेगळे सांगायला नको. व्हॅटच्या काळात महालक्ष्मी कॉटन प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ साली कलम ४८(५) वैध ठरवले, ते आपल्या स्मरणात आहे.

उत्तराची सुरुवात खरेदीवहीपासून व्हावी. आपल्या दुकानदाराचे १,४२,००० बिलानुसार लावले की त्याचे चार तुकडे पडतात.

पहिला तुकडा ८१,४०० रुपयांचा. बिले मार्च २०२२ ची, २बी मध्येही त्याच महिन्याची, पण क्रेडिट घेतले मे २०२२ मध्ये. अधिकाऱ्याने फक्त एप्रिल ते मार्चच्या २बी ची बेरीज धरली, म्हणून ती जादा दिसतात. कलम १६(४) ची मुदत ३० नोव्हेंबर २०२२ पर्यंत होती, तेव्हा क्रेडिट वेळेत आहे. मात्र हेच क्रेडिट मार्च किंवा एप्रिलमध्ये आधीच घेतले असेल, ही शंका अधिकाऱ्याला येणारच. त्यामुळे मार्च २०२२ च्या २बी सोबत २०२१-२२ चा पूर्ण ताळमेळ जोडावा.

दुसरा तुकडा ३८,००० चा, आणि आपल्याही नजरेतून निसटतो तो हाच. बिल नोव्हेंबरचे, माल डिसेंबरमध्ये आला. व्यापाऱ्याने नियमाप्रमाणे नोव्हेंबरमध्ये क्रेडिट ४(ए)(५) मध्ये दाखवून ४(बी)(२) मध्ये उलटवले आणि डिसेंबरमध्ये ४(ए)(५) मध्ये पुन्हा घेऊन ४(डी)(१) मध्ये नोंदवले. नोटिशीत ४(ए)(५) ची ढोबळ बेरीज असेल तर एकच रक्कम दोनदा मोजली जाते. दोन्ही महिन्यांच्या ३बी ची पाने शेजारी शेजारी लावून, मालाच्या आवकेची पावती जोडली की मुद्दा संपतो. इथे कायद्याचा एकही निवाडा लागत नाही.

उरले २२,६००. त्यात १२,६०० चे एक बिल दोनदा चढले आहे आणि १०,००० चे बिल पुरवठादाराने चुकीच्या जीएसटी क्रमांकावर टाकले आहे. ते दुरुस्त करण्याची मुदत ३० नोव्हेंबर २०२३ ला संपली. ही रक्कम पुरवठादाराकडून वसूल करायची, खात्याशी त्यावर भांडायचे नाही. दोन्ही रकमा मान्य करून डीआरसी-०३ ने भराव्यात. व्याज १८ टक्के असले तरी ते क्रेडिट वापरले गेले असेल तरच लागते. क्रेडिट लेजरमधली शिल्लक त्या रकमेच्या खाली कधीच आली नसेल, तर तो लेजर उत्तराला जोडावा.

भरण्याची वेळ मात्र फार महत्त्वाची आहे. कलम ७३ चा किमान दंड दहा हजार रुपये असून तो केंद्र आणि राज्य कायद्याखाली वेगवेगळा लागतो. म्हणजे २२,६०० च्या चुकीवर वीस हजारांचा दंड! नोटिशीच्या आधी, डीआरसी-०१ए किंवा एएसएमटी-१० आल्यावरच एवढी रक्कम भरली, तर तेवढ्यापुरती नोटीसच निघत नाही. नोटिशीनंतर तीस दिवसांत भरल्यास दंड नाही, असे ७३(८) म्हणते. पण अंशतः भरणाऱ्याला ते कितपत लागू होते यावर वाद होऊ शकतो. तरीही रक्कम याच तीस दिवसांत भरावी आणि दंड न लावण्याची मागणी उत्तरात स्पष्ट शब्दांत लिहावी.

उत्तर डीआरसी-०६ मध्ये भरताना वैयक्तिक सुनावणीसमोर ‘होय’ निवडावे. कलम ७५(४) नुसार लेखी मागणी केली की सुनावणी द्यावीच लागते. आणि नोटिशीत नसलेला मुद्दा उत्तरात उकरून काढू नये. पुरवठादाराने कर भरला नाही असा आरोप नोटिशीत नसेल, तर ७५(७) प्रमाणे आदेशही त्या कारणावर उभा राहू शकत नाही.