मुळशीच्या पाण्याच्या दोन वाटा

बहुतेक वर्षी दिवाळीला मुळशीचं धरण भरलेलं असतं. धरण नव्हतं तेव्हा ताम्हिणीच्या माथ्यावरचा हा पाऊस मुळेतून पुण्याला, पुढे भीमेतून पंढरपूरला आणि शेवटी रायचूरच्या बाजूला कृष्णेत जायचा. आता त्यातलं बरंचसं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात जातं आणि कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं. या धरणात गावं बुडाली, १९२१ साली सत्याग्रह उभा राहिला, ते दुःख इथल्या घराघरांत अजून आहे. पण या पाण्यावर आणखी कोणाचा हक्क होता का, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

तो प्रश्न खालच्या राज्यांनी विचारला. शेताला दिलेल्या पाण्यातलं थोडं तरी झिरपून नदीत परततं. घाटाखाली गेलेल्या पाण्याला मात्र खोरं कायमचं मुकतं. वरचा म्हणतो, पाऊस माझ्या डोंगरावर पडला. खालचा म्हणतो, माझे कालवे तुझ्या धरणाच्या आधीचे आहेत. यातला कुठलाही दावा पूर्ण मान्य केला, तर दुसऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून न्याय्य वाटपाचं तत्त्व पुढे आलं: आधीचा वापर जपायचा आणि उरलेलं पाणी गरज पाहून द्यायचं.

१९६९ साली नेमलेल्या बचावत लवादाने १९७३मध्ये हेच केलं. चारांपैकी तीन वर्षं कृष्णेत निदान किती पाणी येतं, याचा हिशेब २०६० टीएमसी निघाला. (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट.) सप्टेंबर १९६०पर्यंत चालू असलेल्या किंवा बांधकाम सुरू झालेल्या प्रकल्पांना आधी मान दिला. अखेर महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० टीएमसी मिळाले. शेतातून परतणाऱ्या पाण्यापोटी पुढे थोडी भर पडली.

भिऱ्यासारखी टाटांची वीजकेंद्रं जुनी, म्हणून ती बंद झाली नाहीत. पण त्यांना मर्यादा घातली: भीमेच्या वरच्या खोऱ्यातून पश्चिमेला एका वर्षात ५४.५ आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसीहून जास्त पाणी वळवायचं नाही. म्हणजे सरासरी ४२ टीएमसीच्या आसपास. एका वर्षी हात सैल सोडला, तर पुढच्या वर्षांत आखडावा लागतो. मला यातली खरी मेख वेगळीच वाटते. हे पाणी महाराष्ट्राच्याच वाट्यातून वजा होतं. त्यामुळे निवाड्यानंतर भिऱ्याचा हिशेब रायचूरपेक्षा सोलापूरशी जास्त आहे, आणि तो आपला आपल्यालाच सोडवायचा आहे.

राहिलं ते चौथं, तुटीचं वर्ष. तुटीची वाटणी कशी करायची, याचं बंधनकारक सूत्र त्या निवाड्यात नाही. अशा वर्षी वरची धरणं आधी भरतात आणि खालचा शेतकरी वाट पाहत राहतो. २००४ साली दुसरा लवाद नेमला गेला, २०१४ साली तेलंगण हा आणखी एक वाटेकरी आला. वाटेकरी वाढले, तरी ताम्हिणीचा पाऊस तेवढाच आहे.