विश्लेषण : पाण्याचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह रात्रीच का खडखडतो?

दिवसभर शांत असलेल्या रस्त्याकडेच्या जलवाहिनीच्या चेंबरमधून रात्री बारानंतर खडी घुसळल्यासारखा आवाज येऊ लागतो. तक्रार आली की कर्मचारी व्हॉल्व्ह थोडा उघडून आवाज बंद करतात. मात्र त्यामुळे त्या भागातला पाण्याचा दाब वाढतो आणि काही दिवसांनी कुठे तरी वाहिनी फुटते. हा आवाज नेमका कशाचा असतो आणि त्यावर खरा उपाय कोणता, याचा आढावा.

दाब कमी करण्याची गरज का पडते?

पुण्यासारख्या चढउताराच्या शहरात टाकी टेकडीवर आणि वस्ती उतारावर असते. पुणे महापालिकेच्या समान पाणीपुरवठा योजनेत शहराचे १४१ विभाग करण्याचा आराखडा आहे. प्रत्येक विभागाला एका ठरावीक ठिकाणाहून मोजून पाणी द्यायचे, हे त्यामागचे तत्त्व. पण एकाच टाकीखालच्या दोन विभागांत ४०-५० मीटर उंचीचा फरक असला, तर खालच्या विभागात दाब नको तितका वाढतो. तिथे वाहिन्या फुटतात, गळती वाढते आणि वरच्या विभागाच्या वाट्याचे पाणी खालीच संपते. म्हणून खालच्या विभागाच्या तोंडाशी प्रेशर रिड्युसिंग व्हॉल्व्ह, म्हणजेच पीआरव्ही बसवतात.

दाब ‘मीटर’मध्ये मोजला जातो. प्लंबर ज्याला ‘एक किलो प्रेशर’ म्हणतात, तो म्हणजे साधारण १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब. केंद्र सरकारच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेत तीनमजली इमारतीसाठी वाहिनीत किमान १७ मीटर दाब ठरवला होता. त्यामुळे विभागाच्या तोंडाशी २० मीटरच्या आसपास दाब ठेवणे हे अनेकदा उद्दिष्ट असते.

व्हॉल्व्ह दाब कसा उतरवतो?

मुख्य व्हॉल्व्हच्या डोक्यावर पायलट नावाचा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पुढच्या बाजूचा दाब ठरवलेल्या आकड्यापेक्षा वाढला, की पायलट मुख्य व्हॉल्व्हची फट अरुंद करतो आणि दाब घटला की ती रुंद करतो. त्याला वीज लागत नाही. पण जास्तीचा दाब नाहीसा होत नाही. ती ऊर्जा त्या फटीतच घर्षण, खळबळ आणि आवाजाच्या रूपात खर्च होते. सेकंदाला १० लिटर पाण्याचा दाब ५५ मीटरने उतरवायचा, तर साडेसात एचपीच्या मोटरइतकी शक्ती तळहाताएवढ्या जागेत जिरवावी लागते.

मग खडखडाट कशाचा?

अरुंद फटीतून पाणी जोरात धावते तेव्हा तिथला दाब क्षणभर अगदी कमी होतो. तो पुरेसा घसरला तर थंड पाणीसुद्धा ‘उकळते’ आणि वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात. पुढे फट रुंदावते, दाब परत येतो आणि बुडबुडे फुटतात. प्रत्येक बुडबुडा फुटताना धातूवर सूक्ष्म घण बसतो. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. खडीसारखा आवाज त्याचाच. काही महिन्यांत व्हॉल्व्हची सीट पोखरली जाते, मग तो पूर्ण मिटत नाही आणि रात्री दाब रोखूही शकत नाही.

रात्रीच का? एक हिशेब

समजा, टाकीतील पाण्याची पातळी व्हॉल्व्हपेक्षा ७५ मीटर उंच आहे आणि पुढे २० मीटर दाब ठेवायचा आहे. सकाळी सगळे नळ चालू असताना सेकंदाला ४० लिटर पाणी वाहते. वाटेतल्या घर्षणात २५ मीटर दाब आधीच खर्च होतो. व्हॉल्व्हपाशी ५० मीटर पोहोचतो आणि त्याला फक्त ३० मीटर उतरवायचा असतो. रात्री प्रवाह सेकंदाला १० लिटरवर येतो. घर्षण जवळपास संपते, व्हॉल्व्हपाशी जवळपास पूर्ण ७५ मीटर दाब येतो आणि एका टप्प्यात ५५ मीटर उतरवावा लागतो.

क्षेत्रीय अभियंते वापरतात तो ढोबळ नियम असा : एका व्हॉल्व्हमध्ये दाब तीनास एकापेक्षा जास्त प्रमाणात उतरवू नये. सकाळी हे प्रमाण अडीच असते, रात्री पावणेचार.

नेमकी तपासणी ‘सिग्मा’ या आकड्याने होते. आधीच्या दाबात वातावरणाचा दाब मिळवायचा, त्यातून पाण्याच्या वाफेचा दाब वजा करायचा आणि उत्तराला दाबातल्या घटीने भागायचे. पुण्याच्या उंचीवर ही भर साधारण ९.३ मीटर येते. सकाळी ५९.३ भागिले ३०, म्हणजे जवळपास २. रात्री ८४.३ भागिले ५५, म्हणजे सुमारे १.५. आकडा जितका लहान तितका धोका मोठा. साध्या ग्लोब पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये दीडच्या आसपास नुकसानीची शक्यता धरावी लागते. प्रत्येक व्हॉल्व्हची मर्यादा वेगळी असते, म्हणून निर्मात्याचा तक्ता पाहणे आवश्यक असते. हिशेब फक्त दिवसाच्या कमाल प्रवाहावर केला, तर कागदावर सगळे ठीक दिसते आणि चूक रात्री ऐकू येते.

आवाजावरून काय ओळखता येते?

एकसारखी शिट्टी किंवा सळसळ ही बहुतेकदा नुसत्या वेगाची असते. खडी घुसळल्यासारखा आवाज कॅव्हिटेशनचा. ठराविक अंतराने ‘धप-धप’ होऊन दाबमापकाचा काटाही नाचत असेल, तर व्हॉल्व्ह गरजेपेक्षा मोठा आहे. ३०० मिमी वाहिनी आहे म्हणून ३०० मिमी व्हॉल्व्ह बसवला, तर रात्री तो केसभरच उघडतो आणि सतत उघडमीट करत राहतो. वरच्या उदाहरणात १५० मिमी पुरेसा आहे.

निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पण धातूच्या वाहिनीतून कंप थेट घराच्या भिंतीपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून चेंबरवर जाड झाकण टाकून प्रश्न सुटत नाही. शिवाय झीज सुरूच राहते.

उपाय कोणता?

पहिला उपाय म्हणजे दोन टप्पे. ७५ वरून ४० आणि तिथून २० मीटर, असे दोन व्हॉल्व्ह एकामागे एक बसवले तर दोन्ही ठिकाणी सिग्मा सुमारे २.४ येतो. जागा नसेल तर बुडबुडे धातूपासून दूर फुटतील अशी छिद्रांची जाळी आत असलेला व्हॉल्व्ह घेता येतो. मात्र ही छिद्रे गाळाने तुंबतात, त्यामुळे आधीची गाळणी नियमित साफ करावी लागते.

दुसरा म्हणजे रात्रीसाठी शेजारी ८० मिमीचा छोटा व्हॉल्व्ह. त्याचा दाब मुख्य व्हॉल्व्हपेक्षा दोन-तीन मीटर जास्त लावतात. मग कमी प्रवाहात मोठा मिटलेला राहतो आणि छोटा काम करतो. त्यामुळे ‘धप-धप’ थांबते. दाबाचे प्रमाण मात्र तेच राहते, म्हणून खडखडाटासाठी दोन टप्पे लागतातच.

पुढे छिद्राची पट्टी बसवण्याचा स्वस्त उपाय इथे फसतो. प्रवाह चौथाई झाला की पट्टीचा परिणाम सोळावा हिस्सा उरतो. सकाळी ती १६ मीटर उतरवत असेल, तर रात्री जेमतेम एक.

ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या भागात आणखी एक अडचण असते. रोज रिकामी वाहिनी भरताना हवा आणि गाळ पायलटच्या बारीक नळीत अडकतो आणि व्हॉल्व्ह भरकटतो. तिथे हवा सोडणारा व्हॉल्व्ह आणि गाळणी नसेल, तर पीआरव्ही नावापुरता उरतो.

तक्रार आल्यावर पहिले काम व्हॉल्व्ह उघडणे हे नव्हे. मध्यरात्री ते पहाटे चार या वेळेत दोन्ही बाजूंचे दाबमापक आणि प्रवाह नोंदवायचा आणि वरचा भागाकार करायचा. व्हॉल्व्हला वळसा घालणारी बायपास वाहिनी उघडून आवाज बंद केला, तर ७५ मीटरचा दाब थेट घरांच्या नळांवर येतो.