बाळंतिणीच्या दशमूलारिष्टात अल्कोहोल किती असतं?

अमरावती असो की अकोला, बाळंतीण घरी आली की अनेक घरांत दशमूलारिष्टाची बाटली येते. बाळाला भूक लागत नसेल तर अरविंदासव आणि पाळीच्या तक्रारींसाठी अशोकारिष्ट घेतलं जातं. दारूला हात न लावणाऱ्या घरांतही ही औषधं असतात. पण आसव आणि अरिष्टात अल्कोहोल असतं.

ते येतं कुठून?

ते बाहेरून घातलेलं नसतं. काढ्यात गूळ आणि धायटीची फुलं घालून भांडं काही आठवडे बंद ठेवतात. धायटी मेळघाटातही उगवते. तिच्या फुलांमुळे काढा आंबतो आणि गुळातल्या साखरेचं अल्कोहोल होतं. औषध त्यामुळेच टिकतं. हे प्रमाण साधारण 5 ते 12 टक्के असतं आणि लेबलवर 'सेल्फ जनरेटेड अल्कोहोल' असं लिहिलेलं असतं. अल्कोहोल आपोआप तयार झालं म्हणून शरीरात वेगळं वागत नाही.

हिशोब काय सांगतो?

समजा, बाटलीवर 10 टक्के लिहिलंय. बाळंतीण दिवसातून दोनदा 20 मिली घेते, म्हणजे 4 मिली शुद्ध अल्कोहोल. 5 टक्क्यांच्या 80 मिली बिअरमध्ये तेवढंच असतं. समभाग पाणी घातल्याने चव सौम्य होते, पण पोटात जाणारं अल्कोहोल कमी होत नाही.

आता 10 किलोच्या बाळाला तसंच अरविंदासव दोनदा 5 मिली दिलं, तर 1 मिली अल्कोहोल जातं. वजनाच्या हिशोबाने 60 किलोच्या माणसाने 120 मिली बिअर घेण्यासारखं हे झालं. अमेरिकेत डॉक्टरच्या चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांत सहा वर्षांखालच्या मुलांसाठी 0.5 टक्क्याची मर्यादा आहे.

कुणी जपावं?

गर्भारपणात अल्कोहोलची सुरक्षित मात्रा ठरलेली नाही. त्यामुळे अशोकारिष्ट सुरू असताना पाळी चुकली, तर आधी गर्भधारणेची तपासणी करावी. अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधातही अल्कोहोल उतरतं, म्हणून रोजचा डोस वैद्यांना विचारूनच ठरवावा.

सर्वांत मोठा धोका दारू सोडण्यासाठी डायसल्फिराम घेणाऱ्यांना आहे. त्यांना थोड्या अल्कोहोलनेही चेहरा लाल होणं, उलट्या, छातीत धडधड होऊ शकते. यकृताचा आजार असलेल्यांनीही ही औषधं टाळावीत. होमिओपॅथीच्या मदर टिंक्चरमध्ये तर अल्कोहोल अरिष्टापेक्षा कितीतरी जास्त असतं, फक्त ते थेंबांनी घेतलं जातं.

कायदा काय म्हणतो?

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, तरी अरिष्ट तिथेही मिळतं. कारण दारू म्हणून पिण्याजोगी नसलेली औषधं दारूबंदी कायद्याच्या कलम 24अ नुसार बंदीतून वगळली आहेत. पण कायद्याने दिलेली सूट म्हणजे बाळासाठी सुरक्षिततेची हमी नव्हे.

पर्याय आहे का?

दशमुळाचा घरी उकळलेला ताजा काढा आंबवलेला नसतो, त्यामुळे त्यात अल्कोहोल नसतं. वैद्यांकडे तोच मागता येतो.