निकाल हातात आला की आधी शेवटचं पान उघडा

जमिनीच्या वाटपाचा निकाल बहुतेक घरांत पहिल्या पानापासून वाचतात आणि घोटाळा तिथेच होतो. सुरुवातीच्या पानांत वादीचं आणि प्रतिवादीचं म्हणणं मांडलेलं असतं. 'विहिरीकडची बाजू वादीला मिळावी' असं वाक्य तिथे दिसलं की कोर्टाने ती बाजू दिली, असं वाटून घरात पेढे येतात. ती नुसती मागणी असते. मधली पानं पुराव्याची आणि कारणांची. खरा हुकूम अगदी शेवटी, 'आदेश' या मथळ्याखाली क्रमांक घालून दिलेला असतो. आधी तो वाचा.

मग एका कागदावर चार रकाने आखा: काय ठरलं, काय करायचं, कोणी करायचं, कधीपर्यंत.

समजा, बहिणीने दोन भावांविरुद्ध वडिलोपार्जित तीन एकर जमीन आणि गावातलं घर यांच्या वाटपाचा दावा लावला होता. आदेश असा आहे: दावा मंजूर, वादीचा एक तृतीयांश हिस्सा; जमिनीच्या वाटपासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रिसेप्ट पाठवावे; घराचं वाटप कोर्ट कमिशनरमार्फत करण्यात यावे; तोवर प्रतिवादींनी मिळकत विकू नये की गहाण ठेवू नये; खर्च ज्याचा त्याने सोसावा; प्राथमिक हुकूमनामा तयार करावा.

पहिल्या रकान्यात एवढंच लिहा: 'माझा हिस्सा एक तृतीयांश.' कोणता तुकडा, हे ठरलेलं नाही. हुकूमनाम्याला 'प्राथमिक' म्हणतात तो यासाठीच.

तिसरा रकाना सगळ्यात अवघड, कारण कोर्टाची भाषा 'करण्यात यावे' अशी असते आणि त्यात करणारा दिसत नाही. तो शोधावा लागतो. सारा भरणाऱ्या शेतजमिनीचं वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी करतो. म्हणून प्रिसेप्ट पाठवणार कोर्ट, पुढचं काम महसूल खात्याचं आणि मोजणी भूमी अभिलेख खात्याची. भावाच्या दारात जाऊन 'माझी जमीन मोजून दे' म्हणण्यात अर्थ नाही, कारण ते काम त्याला सांगितलेलंच नाही. त्याच्या नावासमोर एकच गोष्ट येते: विकायचं नाही, गहाण टाकायचं नाही. आणि ती आजपासून लागू आहे.

तुमच्या नावासमोर आदेशात काहीच नसेल, तरी पाठपुरावा तुम्हालाच करायचा आहे. प्रिसेप्ट गेलं का आणि कोणत्या जावक क्रमांकाने गेलं, हे कोर्टात विचारा. तो क्रमांक घेऊन तहसील कचेरीत जा. घरासाठी कमिशनर नेमून घेण्याचा अर्ज वकिलांकडून द्या. ही कामं कागदावर लिहा, पण वेगळ्या शाईने, म्हणजे कोर्टाने सांगितलेलं कोणतं आणि आपण जोडलेलं कोणतं हे कळेल.

चौथा रकाना बराचसा रिकामा राहील. राहू द्या. वाटप अमुक महिन्यात होईल असं आदेशात नसेल, तर तिथे मनाने तारीख घालू नका. 'मुदत दिलेली नाही' असंच लिहा. मात्र एक तारीख आदेशात नसली तरी कायद्यात असते, ती म्हणजे अपिलाची. अपील जिल्हा न्यायालयात असेल तर ३० दिवस, उच्च न्यायालयात असेल तर ९० दिवस. निकालाचा दिवस धरत नाहीत. नक्कल मिळण्यात गेलेले दिवसही वगळतात. निकाल १० जूनचा, नकलेचा अर्ज १२ जूनला, नक्कल २० जूनला तयार, तर ३० दिवसांची मुदत १० जुलैला न संपता नऊ दिवस पुढे, १९ जुलैपर्यंत जाते. अर्जाची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख नकलेवरच्या शिक्क्यात असते. पण नक्कल तयार होऊनही तुम्ही ती उशिरा उचललीत, तर ते दिवस तुमच्याच खात्यात. म्हणून नकलेचा अर्ज निकाल लागताच करा.

ही तारीख जिंकलेल्यानेही लिहून ठेवावी, कारण समोरचा तोवर अपिलात जाऊ शकतो. तो गेला म्हणजे आदेश आपोआप थांबला असं नाही. त्यासाठी वरच्या कोर्टाने स्थगिती द्यावी लागते. 'अपील टाकलंय, आता काही करता येत नाही' असं कुणी म्हणालं, तर स्थगितीच्या आदेशाची नक्कल मागा.

कागद तयार झाला की प्रत्येक ओळीसमोर आदेशातल्या कलमाचा क्रमांक घाला. ज्या ओळीला क्रमांक सापडत नाही, ती एकतर कायद्यातून आलेली आहे किंवा तुमच्या मनातून. हा कागद वकिलांना दाखवून तपासून घ्या. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना तिथे मोफत मदत मिळते आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.