दुधाचा पॉइंट आणि उसाचा पॉइंट

गेल्या महिन्यात गट ऑफिसात एक सभासद आले आणि टेबलावर दोन कागद ठेवले. एक कारखान्याचे ऊसबिल, दुसरा गावच्या दूध संस्थेचा महिन्याचा पगार. म्हणाले, "साहेब, हा ऊस मला कळतो. हे दूध काही कळंना. फॅट चांगली लागती, तरी दर बेसच्या खालीच."

वास्तविक दूध हा आमच्या खात्याचा विषय नव्हे. पण ज्या घरातून ऊस येतो त्याच घरातून दूध जाते, आणि लागणीचे खत पुष्कळदा दुधाच्या पगारातून येते. म्हणून आम्ही तो कागद नीट पाहिला. पाहिल्यावर आमचे जे मत झाले ते येथे मांडतो. कोणास पटले नाही तर त्यांनी जरूर लिहावे.

आधी आपल्या घरचे उदाहरण घेऊ. सन २०२५-२६ च्या हंगामास केंद्राने एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३५५० रुपये धरली. उतारा ०.१ ने वाढला की टनाला ३४ रुपये ६० पैसे वाढतात, ०.१ ने घटला की तेवढेच कमी होतात. ३५५० ला १०.२५ ने भागा, एक टक्का उताऱ्यास सुमारे ३४६ रुपये येतात. म्हणजे पॉइंटची किंमत कोणी मनाने ठरवलेली नाही, ती मूळ दरातूनच निघाली आहे. चढताना जो भाव, तोच उतरताना. शिवाय उतारा साडेनऊच्या खाली गेला तर त्यापुढे कपात नाही. आता आपल्याकडे उतारा साऱ्या कारखान्याचा एकच धरतात, चांगला ऊस पिकवणाऱ्यास त्याच्या उसाचा वेगळा भाव मिळत नाही, हे उणे आहेच. दुधात ज्याच्या त्याच्या किटलीची तपासणी होते. त्या बाबतीत दूधवाले आपल्या पुढे आहेत, हे कबूल केले पाहिजे.

पण दुधाच्या दरपत्रकात पॉइंट कसा धरतात ते बघा. गायीच्या दुधास ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा बेस. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधात उरणारे घन पदार्थ: प्रथिने, दुधातली साखर, क्षार. जुलै २०२३ मध्ये राज्य शासनाने या बेसला लिटरला किमान ३४ रुपये दर ठरवून दिला होता. तो दर वर्षअखेरपर्यंतही टिकला नाही, ही गोष्ट निराळी. हिशेबापुरते आपण ३४ च धरू. आपल्या संघाचा आजचा जो बेस असेल तो वाचकांनी त्या जागी घालावा. मुद्दा असा की जाहीर होतो तो दर फक्त त्या एका ठिकाणचा. त्याच्या वर-खाली किती पैसे चढायचे-उतरायचे हे ज्या तक्त्यावर असते, तो तक्ता सभासदाने बहुधा पाहिलेलाच नसतो.

आमच्यापुढच्या कागदाप्रमाणे फॅट बेसच्या वर गेली की पॉइंटास ३० पैसे वाढ, आणि एसएनएफ बेसच्या खाली आला की पॉइंटास १ रुपया कपात. एसएनएफ ८.५ च्या वर गेला तर वाढ काहीच नाही. सभासदाचे दूध रोजचे १६ लिटर, महिन्याचे ४८० लिटर. फॅट ३.८, एसएनएफ ८.२. फॅटचे तीन पॉइंट वर, म्हणून ९० पैसे अधिक. एसएनएफचे तीन पॉइंट खाली, म्हणून ३ रुपये वजा. दर झाला ३१ रुपये ९० पैसे, आणि महिन्याचे १५,३१२ रुपये.

आता हेच दूध उसाच्या न्यायाने मोजू. फॅट आणि एसएनएफ दोन्हींना वजनाप्रमाणे किंमत देण्याची पद्धत दूधधंद्यात जुनीच आहे. तिच्यात एसएनएफचा किलोचा भाव फॅटच्या भावाच्या दोन-तृतीयांश धरण्याचा प्रघात आहे. त्या हिशेबाने ८.५ एसएनएफ म्हणजे सुमारे ५.६७ फॅटएवढा माल. त्यात ३.५ फॅट मिळवली की ९.१७ होतात. ३४ रुपयांना ९.१७ ने भागले की एक टक्का फॅटचे ३ रुपये ७१ पैसे येतात. म्हणजे फॅटचा पॉइंट ३७ पैशांचा आणि एसएनएफचा पॉइंट २५ पैशांचा. या भावाने आपल्या सभासदाचे फॅटचे १ रुपया ११ पैसे वाढतात, एसएनएफचे ७५ पैसे घटतात, आणि दर होतो ३४ रुपये ३६ पैसे. महिन्याचे १६,४९२ रुपये ८० पैसे.

दूध तेच, गाय तीच. मालाच्या किमतीने मोजले तर ते बेसच्या वर आहे आणि तक्त्याने मोजले तर दोन रुपये खाली. महिन्याला ११८० रुपयांचा फरक पडला, तो बेस दराने नव्हे, पॉइंटच्या भावाने. एसएनएफच्या ज्या पॉइंटची किंमत २५ पैसे, त्याचे तक्त्यात चौपट कापले जातात. उद्या बेस दोन रुपयांनी वाढवला आणि पॉइंटची कपात तेवढीच कडक केली, तर पेपरात दरवाढ येईल पण सभासदाच्या पगारात दिसणार नाही.

यावर संस्थाचालकांचे म्हणणे असते की कपात कडक ठेवली नाही तर लोक पाणी घालतील. भीती खोटी नाही. पण पाण्याची खूण वेगळी असते. पाणी फॅट आणि एसएनएफ दोन्ही एकाच प्रमाणात खाली ओढते. ४.० फॅट, ८.६ एसएनएफच्या नऊ भाग दुधात एक भाग पाणी घातले तर फॅट ३.६ आणि एसएनएफ ७.७ वर येतो, म्हणजे आठ-नऊ पॉइंटांची पडझड. फॅट चांगली आणि एसएनएफ दोन-तीन पॉइंट कमी, हे पाण्याचे लक्षण नव्हे. ते बहुधा उपासमारीचे, उन्हाळ्याचे किंवा कासदाहाचे असते. गळीत हंगामात आपल्याकडे गोठ्यात नुसती वाढ्यांची वैरण चालते, तिने पोट भरते पण प्रथिने पुरत नाहीत. याबद्दल दोष आमच्या ऊसवाल्यांकडेही येतो. पण त्याला औषध पेंड आणि हिरवी द्विदल वैरण हे आहे. शंकाच असेल तर दुधाचा गोठणबिंदू तपासून पाणी पकडता येते, आणि पकडलेल्यास दंड जरूर करावा. चोर सापडत नाही म्हणून सगळ्या गावाला दंड हा न्याय आम्हांस पटत नाही.

आता त्या ८.२ कडे येऊ, कारण तो आकडाच आम्हांस संशयास्पद वाटला. सभासदाबरोबर एका सकाळी आम्ही संस्थेत गेलो. तेथे मिल्क अॅनालायझर नादुरुस्त होता आणि काम लॅक्टोमीटरवर चालले होते. अंक आला २८.५. त्यांचे सूत्र असे: लॅक्टोमीटरचा अंक भागिले चार, अधिक फॅटच्या ०.२ पट, अधिक ०.३६. म्हणजे ७.१२५ अधिक ०.७६ अधिक ०.३६, एकूण ८.२४५. शेवटचे आकडे सोडून लिहिले ८.२. गणित बरोबर होते. पण दूध नुकतेच काढून आणलेले, कोमट, ३२ अंशांचे होते, आणि लॅक्टोमीटरवर लिहिलेले तापमान २७ अंशांचे. दूध गरम असले की पातळ होते आणि लॅक्टोमीटर जास्त बुडतो. त्यासाठी दर अंशाला सुमारे ०.२ मिळवायचे असतात. पाच अंशांचा एक. खरा अंक २९.५, आणि एसएनएफ ८.४९५.

आता गंमत बघा. हा ८.४९५ मागचे आकडे सोडून लिहिला तर ८.४ होतो, जवळच्या अंकात लिहिला तर ८.५. ८.४ ला दर ३३ रुपये ९० पैसे, महिन्याचे १६,२७२. ८.५ ला दर ३४ रुपये ९० पैसे, महिन्याचे १६,७५२. तक्ता आहे तोच ठेवून, नुसता थर्मामीटर आणि आकडा लिहिण्याची रीत यांनी महिन्याला ९६० ते १४४० रुपये हलले. सचिवांनी मुद्दाम काही केले असे आम्हांस मुळीच वाटत नाही. थर्मामीटर फुटला होता आणि पुन्हा आणला नव्हता, एवढेच. सूत्रातले आकडेही सगळीकडे एकच नसतात. कोठे फॅटच्या ०.२५ पट आणि शेवटी ०.४४ धरतात. ज्या लॅक्टोमीटरचे जे सूत्र, तेच त्याला लावले पाहिजे. एकाचे दुसऱ्यास लावले तर दोन-अडीच पॉइंट सहज इकडचे तिकडे होतात. अॅनालायझर आला म्हणून हा प्रश्न सुटत नाही, तोही मधूनमधून गर्बर पद्धतीच्या फॅटशी आणि बरोबर काढलेल्या लॅक्टोमीटरशी पडताळून बसवावा लागतो.

महिन्याचा पगार करताना आणखी एक ठिकाण आहे. समजा सकाळचा एसएनएफ ८.३ आणि संध्याकाळचा ८.७, दूध सारखेच. सरासरी बरोबर ८.५, म्हणजे कपात नसावी. पण वेळेप्रमाणे हिशेब केला तर सकाळी २ रुपये कापले जातात आणि संध्याकाळी काही मिळत नाही, म्हणून सरासरी १ रुपया जातो. चढ आणि उतार सारखा असता तर वेळेचा करा की महिन्याचा करा, उत्तर एकच आले असते. म्हणून पगारपत्रकावर नुसते एकूण लिटर आणि सरासरी दर न छापता प्रत्येक वेळेचे लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर छापावेत, आणि पशुखाद्य, उचल, ठेव यांची वजावट त्याखाली निराळी दाखवावी. लिटर गुणिले दर एवढे गणित घरातले शाळकरी पोरही तपासू शकते, पण त्याला आकडे तर मिळाले पाहिजेत.

त्या संस्थेने दुसऱ्याच दिवशी थर्मामीटर आणला. पुढच्या तीन दहा-दिवसांच्या बिलांत त्या सभासदाचा एसएनएफ ८.४ आणि ८.५ च्या दरम्यान लागला. पॉइंटच्या भावाचा अर्ज सभासदांनी सह्यांनिशी संघाकडे दिला आहे. संघाची वार्षिक सभा अजून व्हायची आहे.