दुखतं आमचं, मोजणार तुम्ही?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण आपल्या झाडीपट्टीतल्या सिकलसेलच्या घरांचा विषय आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आपल्या तालुक्यात सिकलसेलवर एक मोठा अभ्यास सुरू होतोय. संस्था बाहेरची आहे. नाव लिहीत नाही, कारण भांडण नावाशी नाही. कल्पना साधी आहे. हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल निम्म्या गावांत आशाताई घरपोच देणार, उरलेल्या गावांत पेशंटने नेहमीसारख्या ग्रामीण रुग्णालयातून आणायच्या. कोणतं गाव कुठल्या गटात, ते चिठ्ठ्या टाकून ठरणार. वर्षभराने दोन्हींची तुलना. याला माझा विरोध नाही, उलट हे व्हायलाच हवं. हे औषध दुखण्याचे झटके कमी करतं हे आता सिद्ध झालंय, पण ते रोज घ्यावं लागतं, अधूनमधून रक्त तपासावं लागतं, आणि एसटीचं तिकीट काढून महिन्याच्या महिन्याला येणं आपल्याकडे किती जणांना जमतं ते तुम्हाला माहीत आहे.

माझं भांडण प्रोटोकॉलमधल्या दोन वाक्यांशी आहे. प्रोटोकॉल म्हणजे अभ्यास कसा करणार याचा आधीच लिहून ठेवलेला आराखडा. तो माझ्या हाती कसा आला ते विचारू नका.

पहिलं वाक्य: अभ्यासाचं मुख्य मोजमाप काय, तर बारा महिन्यांत वेदनेच्या झटक्यामुळे पेशंट किती वेळा दवाखान्यात भरती झाला. दुसरं वाक्य: समाजाचा सहभाग म्हणून गावांत सभा घेऊन अभ्यासाची माहिती देण्यात आली.

संपलं. समाजाचा सहभाग एका ओळीत उरकला.

त्या सभांपैकी एकीला मी होतो. बॅनर होता, चहा-चिवडा होता, सरपंचांचा सत्कार झाला, फोटो निघाले. संस्थेच्या मॅडम चांगलं बोलल्या, मराठी स्वच्छ. पण त्या सांगत होत्या, विचारत नव्हत्या. मुख्य मोजमाप तोवर ठरलेलं होतं, एथिक्स कमिटीची मंजुरीही आलेली होती. मागे बसलेल्या एका बाईने विचारलं, "घरी दुखते तं ते कोठी लिहायचं?" उत्तर मिळालं, "तुम्ही दवाखान्यात या ना ताई, तिथे नोंद होईल."

या एका प्रश्नात अख्ख्या अभ्यासाची चूक होती, आणि ती कुणी टिपून घेतली नाही.

सांगतो कशी. सिकलसेलचं दुखणं बहुतेक वेळा घरीच काढलं जातं. शेकायचं, पाणी प्यायचं, गोळी घ्यायची, आणि रात्र काढायची. हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. अमेरिकेत व्हर्जिनियात २३२ प्रौढ पेशंटांना सहा महिन्यांपर्यंत रोजची डायरी लिहायला लावली होती. २००८ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. शंभरातल्या जवळजवळ ५५ दिवशी त्यांना दुखत होतं. आणि दुखण्यासाठी दवाखाना गाठला असे दिवस होते शंभरात साडेतीन. जिथे रस्ते आहेत, गाड्या आहेत, तिथली ही गत. मग आपल्याकडे, जिथे पावसाळ्यात नाला भरला की गाव तुटतं, तिथे भरतीचा आकडा दुखण्याचा किती भाग दाखवणार? तो आकडा दुखणं मोजतच नाही. तो रस्ता मोजतो, पैसे मोजतो, घरात सोबत यायला माणूस आहे की नाही ते मोजतो.

आता याहून वाईट गोष्ट. एक कल्पित पेशंट धरू, घरपोच औषधाच्या गावातली. आधीच्या वर्षी तिला सहा झटके आले. पाच तिने घरी काढले, एकदा भरती झाली. औषध दारात यायला लागल्यावर वर्षात तीनच झटके आले. पण आता आशाताई दर आठवड्याला घरी येते, दुखताना बघते, आणि म्हणते चल, गाडी बोलावते. त्यामुळे तीनपैकी दोनदा ती भरती झाली. तिचं दुखणं निम्म्यावर आलं, आणि संस्थेच्या कागदावर भरती एकाची दोन झाली. अशी शे-दोनशे माणसं एकत्र केली की निष्कर्ष काय निघेल? घरपोच औषधाने प्रकृती बिघडते! मग योजना बंद, फाइल बंद. चांगली गोष्ट वाईट ठरणार, कारण मोजायचं काय ते पेशंटला विचारलंच नाही.

माझ्या ओळखीच्या डॉक्टर मंडळींचं म्हणणं मी ऐकलंय. भरती ही पक्की नोंद असते, तारीख असते, सही असते. घरचं दुखणं ज्याने त्याने सांगायचं, त्यावर विश्वास कसा ठेवायचा? शिवाय आपल्याला घरपोच औषध मिळतंय हे पेशंटला माहीत असतं, त्यामुळे तो बरं वाटतंय असंच सांगेल. ही हरकत खोटी नाही. पण त्याचा अर्थ इतकाच की घरचं दुखणं नीट मोजायची युक्ती शोधावी लागेल. जे सोपं आहे ते मोजा आणि जे महत्त्वाचं आहे ते सोडा, असा अर्थ त्यातून निघत नाही.

आणि पेशंटला काय कळतं म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. संधिवातावरच्या अभ्यासांत काय मोजावं हे ठरवणारा ओमेरॅक्ट नावाचा जगभरातल्या तज्ज्ञांचा गट आहे. वर्षानुवर्षं ते सुजलेले सांधे, दुखरे सांधे, रक्ताचे रिपोर्ट असंच मोजत होते. २००२ च्या परिषदेत त्यांनी पहिल्यांदा पेशंटांना बरोबरीने बसवलं. पेशंट म्हणाले, आमचा थकवा कुठे आहे तुमच्या यादीत? नव्हताच. पुढच्या काही वर्षांत त्याच गटाने ठरवलं की या आजाराच्या अभ्यासांत थकवाही मोजायचा. मोठमोठ्या तज्ज्ञांच्या नजरेतून जे सुटलं, ते पेशंटांना पहिल्याच परिषदेत दिसलं.

मग आपल्याकडे कसं व्हायला हवं होतं? एथिक्स कमिटीकडे कागद जाण्याच्या आधी, प्रश्नच ठरायचा असताना, एसएस पॅटर्नचे आठ-दहा पेशंट आणि लहान पेशंटांच्या आया यांच्यासोबत बसायचं. बायकांची बैठक वेगळी घ्यायची, जिथे गोंडी बोलतात तिथे गोंडीत. सरपंच नको, मेडिकल ऑफिसर नको. ज्यांच्या हातात तुमचं औषध आहे त्यांच्यासमोर माणूस खरं बोलत नाही. दिवसाची मजुरी आणि येण्याजाण्याचं भाडं द्यायचं, कारण रोवणीच्या दिवसांत फुकट बसणं परवडत नाही. आणि "हा अभ्यास तुम्हाला मान्य आहे का" असं विचारायचंच नाही. विचारायचं, "तुमचा बरा महिना कसा असतो?"

हा प्रश्न मी स्वतः गेल्या पंधरवड्यात सात घरी विचारला. हा काही अभ्यास नाही, पत्रकाराची विचारपूस आहे. तरी भरती हा शब्द एकानेही पहिल्यांदा काढला नाही. रात्रीची झोप, रोवणीला गेलेले दिवस, पोराची शाळा, गोळ्यांचा आणि गाडीचा खर्च, हेच आलं. एका आईने तर घरपोच औषधालाच हरकत घेतली. आशाताई दर आठवड्याला आमच्याच दारात थांबली की गावाला कळेल, पोरीचं लग्न जमणार नाही. औषध अंगणवाडीत ठेवा, मी आणीन. बघा, मोजमाप तर सोडाच, औषध कसं द्यायचं तेच बदलावं लागेल. हे संस्थेच्या ऑफिसात बसून कुणाला सुचलं असतं?

सगळं ऐकून सगळं घ्यायचं असंही नाही. मुख्य मोजमाप सहसा एकच ठेवतात, कारण किती माणसं अभ्यासात लागतील याचा हिशेब त्यावर बसतो. लग्न जमणं हे बारा महिन्यांत मोजता येत नाही. पण घरी किंवा दवाखान्यात, दुखण्यामुळे रोजचं काम झालं नाही असे दिवस, हे मुख्य मोजमाप होऊ शकतं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर आणि रोज एक खूण. आठवड्यातून एक फोन, आणि फोन करणाऱ्याला हे गाव कुठल्या गटातलं ते माहीत नसावं. आशाताईने ही नोंद घेऊ नये, कारण औषध देणारी तीच. भरतीचा आकडाही ठेवा, पण दुसऱ्या नंबरवर. कॅलेंडरवरच्या खुणा चुकतील, विसरतील, मान्य. पण तेवढी चूक दोन्ही गटांत साधारण सारखीच होईल. भरतीच्या आकड्यातली चूक एकाच गटाकडे झुकते, आणि तीच घातक आहे.

आणि हे सगळं प्रोटोकॉलमध्ये लिहायचं. सभा झाली, एवढं पुरत नाही. किती जणांशी बोललात, त्यांना कसं निवडलं, कधी बसलात, ते काय म्हणाले, त्यावरून काय बदललं, काय नाही बदललं आणि का, मोबदला किती दिला, निकाल हाती आल्यावर त्यांच्यापैकी कोण सोबत बसणार. "काय नाही बदललं आणि का" ही ओळ मी सगळ्यात आधी वाचतो. ती नसली की समजायचं, बैठक फोटोपुरती होती. हे माझ्या मनाचं नाही. प्रोटोकॉलमध्ये काय असावं याची स्पिरिट नावाची आंतरराष्ट्रीय यादी आहे. २०२५ च्या नव्या आवृत्तीत, अभ्यासाच्या आखणीपासून निकाल सांगण्यापर्यंत पेशंट आणि लोकांचा सहभाग कसा असेल ते लिहा, असा स्वतंत्र मुद्दा घातलाय. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही समाजाला आधीपासून सोबत घ्या म्हणतात. एथिक्स कमिटीत एक सामान्य माणूस असतो की, असं कुणी म्हणेल. असतो. पण तो तयार कागद तपासायला असतो, आणि त्याला सिकलसेल असतोच असं नाही.

तुम्हालाही तपासता येईल. ctri.nic.in वर देशातल्या अशा अभ्यासांची नोंद असते, कुणालाही उघडता येते. मुख्य मोजमाप काय लिहिलंय आणि नोंदणीची तारीख काय, तेवढं बघा. मग गावातल्या सभेची तारीख आठवा. सभा नंतरची असेल, तर तिला सहभाग म्हणू नका, जाहिरात म्हणा.

संस्थेला मी मंगळवारी मेल केलाय. तीन प्रश्न विचारलेत. मुख्य मोजमाप कुणी आणि कधी ठरवलं? त्या वेळी खोलीत एसएस पॅटर्नचा एकतरी माणूस होता का? पहिला पेशंट अजून घेतलेला नाही, तर प्रोटोकॉलमध्ये दुरुस्ती करून एथिक्स कमिटीकडे पुन्हा पाठवायला अडचण काय? ही सोय नियमात आहे, काही आठवडे जातील एवढंच. उत्तर आलं की शब्दही न बदलता इथेच टाकतो. तोवर ज्यांच्या घरी सिकलसेल आहे त्यांनी आपला बरा महिना कसा असतो ते कळवा. कमेंटमध्ये नको, इनबॉक्समध्ये लिहा. नावं माझ्याजवळच राहतील.